प्रकल्प नोंदी : दोन वर्तुळांच्या सामाईक स्पर्शिका दाखवणारा सरकता फळा

१८ जुलै

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, म्हणजे १७ सप्टेंबरला, शाळेत गणिताचं प्रदर्शन आहे. त्यासाठी एक फळा करायचा ठरला आहे. दोन वर्तुळं, त्यातलं एक जागेवर पक्कं आणि दुसरं सरकणारं. केंद्रांमधलं अंतर बदललं की दोन्ही वर्तुळांना मिळून किती स्पर्शिका काढता येतात आणि त्या किती लांब असतात, हे डोळ्यांनी दिसलं पाहिजे आणि पट्टीने मोजताही आलं पाहिजे.

शब्द आधीच ठरवून घेतो, म्हणजे पुढच्या नोंदींत गोंधळ नको. मोठ्या वर्तुळाची त्रिज्या R, लहानाची r, केंद्रांमधलं अंतर d. ज्या सामाईक स्पर्शिकेच्या एकाच बाजूला दोन्ही वर्तुळं असतात ती सरळ, तिची लांबी L. जी दोन वर्तुळांच्या मधून आरपार जाते, एक वर्तुळ अलीकडे आणि एक पलीकडे ठेवते, ती तिरकी, तिची लांबी T. लांबी म्हणजे दोन स्पर्शबिंदूंमधलं अंतर. स्पर्शिका ही रेषा आहे, तिला स्वतःला लांबी नसते. मुलं इथेच अडखळतात, म्हणून फळ्यावर हे मोठ्या अक्षरात लिहायचं आहे.

त्रिज्या निवडण्यात बराच वेळ गेला, पण तो वाया गेला नाही. सूत्रं अशी:

```
L² = d² − (R − r)²
T² = d² − (R + r)²
```

दोन्ही उत्तरं एकाच d ला पूर्ण संख्येत यावीत अशी जोडी हवी होती. २५ कर्ण असलेले दोन काटकोन त्रिकोण उपयोगी पडतात: ७, २४, २५ आणि १५, २०, २५. म्हणजे R − r = ७ आणि R + r = १५ हवं. त्यावरून R = ११ सेंमी, r = ४ सेंमी. d = २५ ठेवलं की L = २४ आणि T = २०. शिवाय d = १७ ला T = ८ येतं. तोंडी पडताळता येतील अशा या जागा आहेत.

२१ जुलै

साहित्य: १२ मिमी प्लायवूड ६० × ३६ सेंमी, चकत्यांसाठी ६ मिमी एमडीएफ, दोन पातळ खिळे, मोंढ्यातून आणलेली सुतळी, पोलादी पट्टी, दोन गुण्या. मोठ्या वर्तुळाचं केंद्र फळ्याच्या डाव्या कडेपासून १३ सेंमीवर घेतलं. लहान चकतीला उजवीकडे सरकायला केंद्ररेषेवर खाच पाडून घेतली.

चकत्या कापताना मिस्त्रींनी एक मोलाची गोष्ट सांगितली. "सर, भोक अगोदर पाडा, चकती मागून कापा. कापल्यावर मध्य शोधत बसाल तर मिळणार नाही." आम्ही मोठी चकती तशीच केली. लहान चकती मात्र उरलेल्या तुकड्यातून आधीच कापून झाली होती, तिचा मध्य जीवांच्या लंबदुभाजकांवरून काढला. जीवा लांब आणि एकमेकींना जवळजवळ काटकोनात घेतल्या नाहीत तर दुभाजक फार तिरप्या कोनात छेदतात आणि मध्य मिलिमीटरभर सरकतो.

त्रिज्या तपासायची सोपी रीत: चकतीभोवती कागदाची अरुंद पट्टी गुंडाळायची, जिथे पट्टी स्वतःवर येते तिथे टाचणीने दोन्ही पदरांना भोक पाडायचं, पट्टी सरळ करून दोन भोकांमधलं अंतर मोजायचं. मोठ्या चकतीला ६९.१ आणि लहानाला २५.१ सेंमी यायला हवं. आमची मोठी आधी ६९.५ आली, पॉलिश पेपरने घासून ६९.१ वर आणली. परिघातली ६ मिमीची चूक म्हणजे त्रिज्येतली साधारण १ मिमीची चूक, म्हणून ही रीत सरळ व्यास मोजण्यापेक्षा बारीक माप देते.

२६ जुलै

पहिली मापं. d = २५ वर चकती ठेवली, सुतळी दोन्ही चकत्यांवरून ताणून सरळ स्पर्शिका केली आणि स्पर्शबिंदूंवर पेनने खुणा केल्या. L एका मुलीने २३.३ मोजलं, दुसऱ्याने २४.८. चकत्या त्याच, सुतळी तीच, तरी दीड सेंमीचा फरक.

दोष मोजणाऱ्यांचा नाही. वर्तुळ स्पर्शिकेपासून फार हळू दूर जातं. स्पर्शबिंदूपासून x अंतरावर वर्तुळ आणि रेषा यांच्यातली फट साधारण x²/२R असते. डोळ्याला ०.२ मिमीची फट दिसत नाही असं धरलं, तर ११ सेंमी त्रिज्येच्या चकतीवर x जवळजवळ ६.६ मिमी निघतो आणि ४ सेंमीच्या चकतीवर ४ मिमी. म्हणजे "सुतळी इथे टेकते" असं डोळ्याने ठरवताना मोठ्या चकतीवर दोन्ही बाजूंना सहा-सात मिमी चुकायला मुभाच आहे.

म्हणून टेकण्याची जागा डोळ्याने शोधणं बंद. गुण्याची एक काटकोनी बाजू सुतळीला लावायची, दुसरी बाजू चकतीच्या केंद्रावरून जाईपर्यंत गुण्या सरकवायचा आणि काटकोनाच्या कोपऱ्यावर खूण करायची. त्रिज्या स्पर्शिकेला लंब असते हे प्रमेय इथे मोजण्याचं अवजार झालं. असं केल्यावर चौघांची मापं २३.९ ते २४.१ मध्ये आली.

२ ऑगस्ट

मापं हाताशी आली तरी एक गोष्ट खटकत होती. सरळ स्पर्शिका बरोबर, पण चकती उलटी फिरवून पुन्हा मोजली की L आणि T दोन्ही बदलतात. लहान चकती खिळ्यावर अर्धा फेरा फिरवली की L २४.१ वरून २३.९ वर यायचं आणि T २०.१ वरून १९.९ च्याही खाली. हा मध्य चुकल्याचाच पुरावा: चकतीचा खरा मध्य खिळ्यापासून १ मिमी दूर असेल तर अर्ध्या फेऱ्यात खरं d २ मिमीने बदलतं. खिळा डावीकडे असो की उजवीकडे, मोजणाऱ्याला पट्टीवर d २५ च दिसतं.

लहान चकती टाकून दिली. नवी कापताना भोक आधी पाडलं. आता अर्ध्या फेऱ्याने अर्ध्या मिमीपेक्षा जास्त फरक पडत नाही.

त्याच दिवशी दुसरी चूक सापडली, आणि ती सापडण्याची रीत आम्हाला फार आवडली. वरची दोन सूत्रं एकमेकांतून वजा केली तर d निघून जातं:

```
L² − T² = (R + r)² − (R − r)² = 4Rr
```

आमच्या फळ्यावर 4Rr = १७६. अंतर काहीही असो, तिरक्या स्पर्शिका अस्तित्वात आहेत तोवर ही वजाबाकी १७६ च राहणार. त्यामुळे d न मोजता चकत्यांची परीक्षा होते. आम्हाला d = २५ च्या खुणेवर L = २४.२ आणि T = २०.२ मिळालं. वर्ग केले: ५८५.६ आणि ४०८.०, वजाबाकी १७७.६. मिलिमीटरच्या चुकीने L² मध्येच जवळजवळ ५ चा फरक पडतो, म्हणून १७७.६ हे १७६ च समजायचं. चकत्या बरोबर आहेत. मग L वरून d काढलं: ५८५.६ + ४९ चं वर्गमूळ २५.२. T वरूनही ४०८ + २२५ चं वर्गमूळ २५.२ च्या आसपास. म्हणजे चूक मोजपट्टीत आहे. तिचा शून्य मोठ्या केंद्रावर न येता २ मिमी लहान चकतीच्या बाजूला चिकटला होता. पट्टी उकलून पुन्हा लावली.

वजाबाकी १७६ पासून लांब गेली असती तर त्रिज्येत दोष शोधला असता. दोन दोष असे वेगळे करता येतात, हे फळ्याच्या पाठीमागे लिहून ठेवलं आहे.

९ ऑगस्ट

आज तिरक्या स्पर्शिका. सुतळीने सरळ स्पर्शिका जवळजवळ चोख येते, तिरकी मात्र नेहमी आखूड येते, आणि अंतर कमी होत जाईल तशी जास्तच आखूड. d = २५ ला १९.८५, d = १७ ला ७.६ (यायला हवं ८), d = १६ ला ५.० (यायला हवं ५.५७).

कारण सुतळीची जाडी. आमची सुतळी २ मिमीची आहे. मोजतो ती सुतळीची मधली रेषा, आणि ती चकतीच्या कडेपासून १ मिमी बाहेर असते. म्हणजे दोन्ही त्रिज्या १ मिमीने वाढतात: ११.१ आणि ४.१. वजाबाकी ७ ची ७ च राहते, म्हणून L ला काही होत नाही. बेरीज १५ ऐवजी १५.२ होते, म्हणून T आखडतं. १७ च्या वर्गातून १५.२ चा वर्ग वजा करून वर्गमूळ घेतलं तर ७.६१ येतं. आम्ही ७.६ च मोजलं होतं.

हीच जाडी पूर्ण वेढ्यातही दिसते. d = २५ ला दोन्ही चकत्यांभोवती सुतळीचा सरळ वेढा घातला तर गणिताने ९९.१ सेंमी लागायला हवा: दोन सरळ भाग २४-२४, मोठ्या चकतीवर २१२.५ अंशाचा कंस ४०.८ आणि लहानावर १४७.५ अंशाचा कंस १०.३. आम्हाला ९९.७ लागला. जादा ०.६ म्हणजे π गुणिले जाडी. मधे अढी देऊन घातलेला वेढा गणिताने १०६.४ यायला हवा, आम्हाला १०७.३ लागला. अढीत जाडीचा भुर्दंड जास्त बसतो, कारण दोन्ही चकत्यांवर दोरी जास्त कंस वेढते. मळणीयंत्राच्या चपट्या पट्ट्याला अढी घालतात तेव्हा चाकं उलट दिशांनी फिरतात. तो पट्टा लांब का लागतो, हेही मुलांना इथे कळलं. पट्टा मागवताना मात्र ही मधल्या रेषेची लांबी आहे की आतल्या पृष्ठाची, हे विचारून घ्यावं लागतं.

सुतळी काढून ०.४ मिमीचा तंगूस लावला. आता d = १७ ला T ७.९ येतं. चालेल.

१६ ऑगस्ट

तंगूस लावला तरी फळ्याचा खरा प्रश्न तसाच आहे. वर्तुळं एकमेकांना टेकवली की तिरक्या स्पर्शिका दोनाची एक होतात, हे दाखवायचं होतं. पण चकत्या टेकल्यावर त्यांच्यामधून दोरा जाणारच कसा? दोऱ्याला जाडी आहे. आणि d १५ पेक्षा कमी करायचं तर घन चकत्या एकमेकींत शिरतच नाहीत. म्हणजे ज्या भागात स्पर्शिकांची संख्या बदलते, तोच भाग हा फळा दाखवू शकत नाही.

याचवेळी नववीतल्या एका मुलाने विचारलं, "सर, वर्तुळं एकमेकांत शिरली की तिरक्या जातात कुठं?" संख्येचा तक्ता तोंडपाठ करून घेण्यापेक्षा हा प्रश्न फळ्याच्या मध्यावर ठेवायचं ठरलं.

उत्तर केंद्ररेषेवर आहे. दोन सरळ स्पर्शिका वाढवल्या तर त्या लहान वर्तुळाच्या पलीकडे एका बिंदूत मिळतात, त्याला P म्हणू. दोन तिरक्या स्पर्शिका वर्तुळांच्या मधे Q मध्ये छेदतात. समरूप त्रिकोणांवरून मोठ्या केंद्रापासून त्यांची अंतरं अशी:

```
P : d·R / (R − r) = 11d/7
Q : d·R / (R + r) = 11d/15
```

d = २५ ला P ३९.३ सेंमीवर आणि Q १८.३ सेंमीवर. आता लहान वर्तुळ मोठ्याकडे सरकवा. P आणि Q दोन्ही मोठ्या केंद्राकडे येतात. d = १५ होतं तेव्हा Q बरोबर ११ वर येतो, म्हणजे मोठ्या वर्तुळावर, स्पर्शबिंदूतच. d आणखी कमी झालं की Q वर्तुळाच्या आत जातो. वर्तुळाबाहेरच्या बिंदूतून दोन स्पर्शिका निघतात, वर्तुळावरच्या बिंदूतून एक, आतल्या बिंदूतून एकही नाही. तिरक्या गेल्या कुठं, तर Q वर्तुळात बुडाला. P चंही तसंच, फक्त त्याला उशीर लागतो. d = ७ ला तो ११ वर येतो आणि वर्तुळं आतून टेकतात.

२५ ऑगस्ट

पोळ्याच्या सुटीनंतर फळा मुळातून बदलला. चकत्या गेल्या. मोठं वर्तुळ पांढऱ्या जाड कागदावर काळ्या रेषेत काढलं आणि प्लायवूडवर सॉफ्टबोर्ड लावून त्याच्यावर चिकटवलं. लहान वर्तुळ २० सेंमी चौरस पारदर्शक फिल्मवर काढलं. फिल्म पातळ असल्याने दोन्ही वर्तुळं एकाच पातळीत दिसतात. जाड काच घेतली असती तर बाजूने पाहणाऱ्याला स्पर्शबिंदू सरकलेला दिसला असता.

फिल्मची खालची कड एका लाकडी सरकपट्टीला डकवली आणि ती फळ्यावर पक्क्या केलेल्या पट्टीला टेकून सरकते. फिल्ममध्ये केंद्ररेषेवर दोन चिरा आहेत. डावी लहान केंद्रापासून अर्ध्या सेंमीवर सुरू होऊन ९ सेंमीवर संपते, उजवी अर्ध्या सेंमीपासून थेट कडेपर्यंत उघडी आहे. डाव्या चिरेतून Q ची टाचणी सॉफ्टबोर्डात जाते, उजवीतून P ची.

स्पर्शिका म्हणजे २ मिमी अ‍ॅक्रिलिकच्या चार पट्ट्या. प्रत्येकीच्या खालच्या बाजूला मधोमध सरळ रेघ कोरून त्यात शाई भरली. सरळ स्पर्शिकांच्या दोन पट्ट्या ४० सेंमी लांब, भोक टोकाजवळ. तिरक्यांच्या दोन ३० सेंमी, भोक टोकापासून १२ सेंमीवर, लांब हात मोठ्या वर्तुळाकडे. भोक रेघेवरच पडलं पाहिजे. ते अर्धा मिमी बाजूला गेलं की वरची आणि खालची पट्टी वेगवेगळे कोन दाखवतात.

टाचणी कुठे खुपसायची हे मुलांनी प्रत्येक वेळी गुणाकार करून ठरवायला नको, म्हणून केंद्ररेषेजवळ तीन मोजपट्ट्या छापल्या. पहिली साधी, d साठी. दुसरीवर प्रत्येक अंक १.५७१ सेंमीने पुढे, P साठी. तिसरीवर ०.७३३ सेंमीने, Q साठी. d १७ असेल तर तिन्ही पट्ट्यांवर १७ शोधायचं आणि तिथेच टाचणी लावायची. आकडा एक, जागा तीन.

३० ऑगस्ट

वाचनं. स्पर्शबिंदू आताही गुण्यानेच घेतले.

| d (सेंमी) | स्पर्शिका | L | T |
|---|---|---|---|
| २५ | ४ | २४.० | २०.० |
| १७ | ४ | १५.५ | ८.० |
| १५ | ३ | १३.३ | एकच, लांबी ० |
| १० | २ | ७.१ | नाही |
| ७ | १ | ०, एकच | नाही |
| ५ | ० | नाही | नाही |

d = १५ च्या ओळीतली "लांबी ०" मुलांना पटत नाही. स्पर्शिका तर आहे, लांबी शून्य कशी? दोन्ही स्पर्शबिंदू एकच झाले, म्हणून. d = १५ ला L = १३.३ आहे, आणि तो आकडा थेट २√(Rr) एवढाच असतो, कारण T शून्य झालं की L² = 4Rr.

d = ५ ला P ७.९ सेंमीवर आहे. तिथे टाचणी लावून अ‍ॅक्रिलिकची पट्टी कशीही फिरवा, ती मोठ्या वर्तुळाला दोन ठिकाणी कापतेच. ही गोष्ट मुलं स्वतः पट्टी फिरवून पाहतात, तेव्हा समजावून सांगायला काही उरत नाही.

६ सप्टेंबर

स्पर्शाच्या जागा अजून नीट बसत नाहीत. सरकपट्टी १५ च्या खुणेवर ठेवली की तिरक्या दोन पट्ट्या एकावर एक बसायला हव्यात, पण त्या कात्रीसारख्या उघड्या राहतात. नाहीतर वर्तुळं एकमेकांत किंचित शिरलेली असतात आणि पट्टी वर्तुळाला कापते.

हिशेब केल्यावर कळलं की या जागेचा स्वभावच असा आहे. तिरकी स्पर्शिका केंद्ररेषेशी करते त्या कोनाचा साइन १५/d असतो. d १५.१ झालं, म्हणजे फक्त १ मिमी जास्त, तर कोन ९० ऐवजी ८३.४ होतो आणि दोन तिरक्यांमधला कोन १३ अंश. T तर शून्यावरून एकदम १.७ सेंमी. त्याच १ मिमीने L फक्त १ मिमीने बदलतं, १३.३ चं १३.४. ०.१ मिमी चूक राहिली तरी कात्री ४ अंश उघडी दिसते. आतल्या स्पर्शाजवळ हाल याहून वाईट: d ७.१ केलं तर सरळ स्पर्शिकांमधला कोन १९ अंश होतो आणि L शून्यावरून १.२ सेंमी.

म्हणून मोजपट्टीच्या खुणेवर विसंबून ही जागा मिळणार नाही. पक्क्या पट्टीवर १५ आणि ७ साठी स्क्रूने लाकडी अडणी बसवली. दोन्ही काढता येणाऱ्या. दोन्ही मुद्दाम अर्धा मिमी आत बसवल्या, म्हणजे वर्तुळं किंचित जास्त जवळ येतात. मग सरकपट्टी आणि अडणी यांच्यामध्ये साध्या छपाईच्या कागदाचे तुकडे एकेक करून घातले. एका कागदाची जाडी साधारण ०.१ मिमी. १५ च्या अडणीला पाच कागद लागले: चारवर पट्टी लहान वर्तुळाला कापत होती, पाचवर दोन्ही तिरक्या एकीवर एक बसल्या, सहावर कात्री पुन्हा उघडली. पाच कागद डिंकाने चिकटवून टाकले. ७ च्या अडणीला चार लागले.

कागद घालून पाहताना P आणि Q च्या टाचण्या मात्र ११ सेंमीवर पक्क्या ठेवायच्या. टाचणी आणि फिल्म दोन्ही हलवत गेलो तर कोणाची चूक आहे ते कळत नाही. पहिल्या दिवशी नेमकं तेच झालं होतं आणि तासभर गेला.

एक काळजी राहते. पावसाळी हवेत सॉफ्टबोर्ड आणि कागद दोन्ही फुगतात. दोन दिवसांच्या झडीनंतर १५ वर कात्री पुन्हा दोन-तीन अंश उघडली होती. प्रदर्शनाच्या सकाळी अडणी तपासायची आणि लागल्यास एक कागद काढायचा किंवा घालायचा, असं फळ्यामागे लिहिलं.

१३ सप्टेंबर

समान वर्तुळांचं काय, हा प्रश्न येणारच, म्हणून ११ सेंमी त्रिज्येची दुसरी, मोठी फिल्म केली. R − r शून्य झालं की P च्या सूत्रात भागाकारच उरत नाही, आणि फळ्यावरही P ची टाचणी लावायला जागा नाही. सरळ स्पर्शिका समांतर आहेत, त्या कुठेच मिळत नाहीत. त्यासाठी ४० सेंमीच्या पट्ट्या टाचणीशिवाय वर आणि खाली ठेवायच्या, L नेहमी d एवढंच. Q मात्र केंद्रांच्या बरोबर मध्यावर आहे, d = २२ ला वर्तुळावर येतो आणि तिरक्या जातात. पुढे d कितीही कमी करा, दोन सरळ स्पर्शिका टिकून राहतात. आतून स्पर्श हा टप्पा इथे येतच नाही. d शून्य झालं की दोन्ही वर्तुळं एकच होतात आणि प्रत्येक स्पर्शिका सामाईक ठरते. ४, ३, २ आणि मग अगणित.

९ सेंमीची फिल्मही करून पाहिली होती, ती ठेवली नाही. तिथे R − r फक्त २, म्हणून d = २५ ला P मोठ्या केंद्रापासून १३७.५ सेंमीवर, फळ्याच्या बाहेर मीटरभर दूर जातो. P टाचणीने दाखवायचा असेल तर या ६० सेंमीच्या फळ्यावर d = २५ साठी r साधारण ५ पेक्षा मोठी घेता येत नाही.

डबीत ठेवलेलं सामान: ४ आणि ११ सेंमीच्या फिल्म, चार अ‍ॅक्रिलिक पट्ट्या, टाचण्या सहा, गुण्या दोन, १५ आणि ७ च्या अडणी, कागदाचे कापलेले वीस तुकडे.